सुएझचा रस्ता बंद पडला तर वाळूजमधून युरोपला माल कसा पाठवायचा: केप, रेल्वे की विमान

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना इकडच्या एमआयडीसीतून युरोपला पार्ट पाठवणारे लई जण आहेत, पण त्यातल्या निम्म्या लोकांचा एक्स्पोर्टचा अनुभव म्हणजे सीएचएला, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला, पेपर द्यायचे, गाडी न्हावाशेवाला लावायची आणि बीएलची, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या कागदाची, वाट बघायची एवढाच असतो. रस्ता सुरळीत चालू असतो तोवर त्यावर भागतं. डिसेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात हुथींच्या हल्ल्यांमुळं मोठ्या शिपिंग लाईन्सनी तिकडनं जाणं थांबवलं, तेव्हा सगळ्यांचे फोन एकदमच वाजायला लागले आणि प्रत्येक जण एकच विचारत होता, "आता विमानानं पाठवू का?"

विमानानं पाठवायचं, पण सगळं नाही, किती पाठवायचं ते आधी काढायचं. हा लेख त्या हिशोबाचाच आहे. पहिल्यांदाच एक्स्पोर्ट डिस्पॅच बघणाऱ्या माणसासाठी लिहितोय, त्यामुळं जुन्या जाणत्यांना काही गोष्टी बाळबोध वाटतील, वाटू द्या. उदाहरण युरोपला जाणाऱ्या मशीन केलेल्या लोखंडी पार्टचं घेतलंय, कारण आपल्याकडं तेच जास्त जातं.

१. नक्की काय बंद आहे आणि कशामुळं, ते आधी विचारा

बातमीत "सुएझ बंद" एवढंच येतं. आपल्याला त्यापुढचं लागतं.

जहाज अडकून रस्ता बंद झाला असेल तर तो सहसा लवकर मोकळा होतो. २३ मार्च २०२१ ला 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज कालव्यात आडवं अडकलं आणि २९ मार्चला निघालं, म्हणजे आठवडासुद्धा पुरा झाला नाही. त्या दिवसांत काही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली होती, पण वळशाला लागणारे जास्तीचे दिवस बघितले तर अशा अडथळ्यात थांबून राहणाराच बहुतेक वेळा आधी पोचतो. अशा वेळी आपण काही हलवाहलव करू नये. रांग निस्तरायला अजून आठवडाभर लागेल एवढं धरायचं.

युद्ध किंवा हल्ल्यामुळं बंद असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तारीख कोणीच देऊ शकत नाही. १९६७ च्या युद्धात सुएझ बंद झाला तो जून १९७५ मध्ये उघडला, आठ वर्षं. आणि लाल समुद्राच्या वेळी तर कालवा बंद नव्हताच, कालवा चालू होता, धोका होता तो खाली बाब-एल-मंदेबच्या सामुद्रधुनीत, येमेनजवळ. हा फरक कामाचा आहे कारण कालवा चालू असेल तर आखाती बंदरावरनं सौदीतल्या जेद्दापर्यंत ट्रकनं माल नेऊन तिथनं वर युरोपला जहाजानं काढता येतो, पण कालवाच बंद असेल तर ती वाट पण गेली.

तिसरी गोष्ट, इराणजवळची होर्मुझची सामुद्रधुनी. होर्मुझ बंद झालं तर युरोपच्या मालाचा समुद्री रस्ता बंद होत नाही, पण दुबईचं जेबेल अली बंदर होर्मुझच्या आत आहे, त्यामुळं दुबईमार्गे जी काही सोय तुम्ही मनात धरली असेल ती कोलमडते. खोरफक्कान आणि फुजैराह बाहेरच्या बाजूला आहेत, तिथनं दुबईला रस्ता आहे, पण अशा वेळी सगळेच तिकडं धावतात.

२. आपला माल आत्ता कुठं आहे?

हे लिहून काढा, कंटेनरवार. चार ठिकाणं असतात आणि प्रत्येक ठिकाणी हातात काय उरतं ते वेगळं.

माल फॅक्टरीत असेल तर सगळं तुमच्या हातात आहे. शिपिंग बिल, म्हणजे एक्स्पोर्टचा कस्टमचा अर्ज, फाईल झालं असेल पण लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टमची परवानगी, पडली नसेल तर सीएचए ते रद्द करून दुसऱ्या ठिकाणाहून नवं करू शकतो.

माल माळीवाड्याच्या आयसीडीत, म्हणजे कोरड्या बंदरात, किंवा न्हावाशेवाच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोडाऊनमध्ये, असेल आणि लेट एक्स्पोर्ट ऑर्डर झालेली असेल तर माल परत काढायला कस्टमची 'बॅक टू टाऊन' परवानगी लागते. होतं हे काम, पण अर्ज, लाईनचे चार्जेस, हाताळणी, गेटमधून बाहेर काढणं यात दिवस जातात. कंटेनर बंदराच्या आत गेलेला असेल तर अजून अवघड. त्यामुळं संकट दिसायला लागलं की ज्या गाड्या अजून निघाल्या नाहीत त्या तासाभरासाठी थांबवा, आधी लाईनला फोन करा आणि मगच सोडा.

माल जहाजावर चढलाय? मग विषय लाईनच्या हातात गेला. बीएलच्या मागं बारीक अक्षरात कलम असतं की जहाज कुठल्याही मार्गानं न्यायचा हक्क लाईनला आहे. "आम्ही सुएझचं बुकिंग केलं होतं" हे भांडण चालत नाही. तिथं एकच काम, नवी ईटीए, म्हणजे पोचायची अंदाजे तारीख, घ्या आणि ती खरी धरू नका, तिच्यात आठवडा मिळवा.

३. कस्टमरकडं किती दिवसांचा स्टॉक आहे ते काढा, सगळं इथंच ठरतं

इथं जरा निवांत बसा, कारण लोक हीच पायरी सोडून थेट विमानाचे रेट मागवतात.

एक उदाहरण धरू. सगळे रेट मी हिशोबासाठी धरलेत, तुमच्या दिवसाचे रेट वेगळे असणार, फॉरवर्डरकडनं ताजे घ्या. पार्ट १.२ किलोचा, किंमत ४५० रुपये. वीस फुटी कंटेनरमध्ये १५,००० नग बसतात, म्हणजे १८ टन माल आणि पॅकिंग धरून साधारण २० टन. जर्मनीतला कस्टमर आठवड्याला ३,००० नग वापरतो, म्हणजे एक कंटेनर पाच आठवडे पुरतो. नेहमीच्या रस्त्यानं फॅक्टरीतनं निघालेला माल ३२ व्या दिवशी त्याच्या दारात पोचतो आणि त्या दिवशी त्याच्याकडं आधीचा दोन आठवड्यांचा, म्हणजे ६,००० नगांचा स्टॉक शिल्लक असतो. बऱ्याच जणांना हा शिल्लक आकडा माहितीच नसतो. कस्टमरच्या प्लॅनरला विचारा, आणि गोडाऊनमध्ये किती हे विचारून थांबू नका, रस्त्यात किती आणि त्याच्या प्रॉडक्शन लाईनला किती दिवस पुरेल ते विचारा.

आता रस्ता लांबला. केपमार्गे, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, समुद्रात साधारण दोन आठवडे जास्त, शिवाय जहाज उशिरा लागणं, कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जाणं, युरोपच्या बंदरात गर्दी यासाठी अजून एक आठवडा धरा. म्हणजे ३२ चा ५३ वा दिवस झाला. कस्टमरचा स्टॉक ४६ व्या दिवशी संपतो. ४६ ते ५३ एवढा एकच आठवडा त्याची लाईन उपाशी राहणार आहे.

म्हणजे विमानानं लागतात ते ३,००० नग. १५,००० नाहीत.

वजन पॅकिंगसकट ४ टन. विमानाचा रेट किलोला २५० रुपये धरला तर १० लाख. पूर्ण कंटेनर विमानानं टाकला असता तर २० टनाला ५० लाख लागले असते, आणि मालाची किंमतच आहे साडेसदुसष्ट लाख. घाबरून सगळं उचलून विमानात टाकणं म्हणजे काय ते या दोन आकड्यांत दिसतं.

अजून एक. हा खड्डा एकदाच पडतो. पुढचा कंटेनर पण तीन आठवडे उशिरा जाणार, त्याच्या पुढचा पण, पण दोन कंटेनरमधलं अंतर पाच आठवड्यांचंच राहतं. म्हणजे पहिल्या वेळी खड्डा भरला की दर वेळी विमान लागत नाही. फक्त समुद्रावर कायम तीन आठवड्यांचा, म्हणजे ९,००० नगांचा माल जास्त तरंगत राहणार. त्यातले ३,००० तुम्ही विमानानं दिले आणि ६,००० कस्टमरच्या स्टॉकमधनं गेले, जे त्याला कधीतरी परत भरून हवेत. तर प्रॉडक्शनला सांगायचं ते हे, की ९,००० नग जादा काढायचेत, ओव्हरटाईम बसवा. विमानाचं भाडं भरलं आणि जादा माल काढलाच नाही तर पुढच्या महिन्यात तोच खड्डा परत समोर येतो, आणि मग लोक म्हणतात की केपचा रस्ता परवडत नाही.

४. शेवटची तारीख काढा

स्टॉक ४६ व्या दिवशी संपतो. विमानानं दारापासून दारापर्यंत, पेपर, ट्रक, दोन्हीकडचं कस्टम धरून आठ दिवस लागतात असं समजा. म्हणजे ३८ व्या दिवशी माल निघाला तरी चालतो. दुबई किंवा कोलंबोपर्यंत जहाजानं आणि पुढं विमानानं, म्हणजे सी-एअरला, वीस दिवस धरले तर २६ वा दिवस. दोन्हीत तीन दिवस मागं या, म्हणजे ३५ आणि २३.

आता या तारखांचा फायदा बघा. रस्ता बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला विमान बुक करायचं नाहीये. तुमच्याकडं २३ व्या दिवसापर्यंत वेळ आहे, तोवर जहाज कुठवर आलंय ते कळतं, रस्ता उघडला तर दहा लाख वाचतात, आणि पहिल्या आठवड्यात सगळे एकदम बुकिंग करतात तेव्हा रेट चढलेले असतात ते पण थोडे खाली येऊ शकतात. फक्त ३,००० नग तयार करून बाजूला ठेवा. कंटेनरमध्ये भरलेला माल मधनं काढता येत नाही, म्हणून हे नग पुढच्या लॉटमधनं वेगळे काढायचे, वेगळ्या पॅलेटवर.

५. रस्ते, एकेक करून

*केपमार्गे समुद्र.* न्हावाशेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण ६,३०० सागरी मैल पडतं, केप ऑफ गुड होपला वळसा घातला तर १०,५०० च्या पुढं जातं. जहाज ताशी १५ नॉटनं चाललं तर दिवसाला ३६० मैल कापतं, म्हणजे साधारण बारा दिवस जास्त, बाकीचे दिवस बंदरात जातात. केपला टोल नाही, पण इंधन जास्त जळतं, शिवाय २०२४ पासून युरोपियन युनियन जहाजांकडनं कार्बनचे पैसे घेते, आणि प्रवास लांबला की तेही वाढतात. हे सगळं सरचार्जच्या रूपानं आपल्यापर्यंत येतं.

उदाहरणात कंटेनरचं भाडं एक लाखाचं तीन लाख झालं असं धरू. ऐकायला तिप्पट वाटतं, पण वरचे दोन लाख १५,००० नगांत वाटले तर नगाला साधारण १३ रुपये पडतात. पैसे तीन आठवडे जास्त अडकले त्याचं व्याज, १० टक्क्यानं, पूर्ण कंटेनरवर साधारण ३९,००० रुपये, म्हणजे नगाला अडीच रुपये. विमानानं हाच नग साडेतीनशेच्या जवळ जातो, ३३३ रुपये. म्हणून मालाचा गाभा समुद्रानंच जाऊ द्या.

केप घेतल्यावर उतरवायचं बंदर पण परत तपासा. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी इकडचे कस्टमर सुएझ चालू असताना कोपर किंवा ट्रिएस्टला माल घेतात, कारण ती बंदरं सुएझपासून जवळ. केपवरनं आलं तर जहाजाला जिब्राल्टरमधनं भूमध्य समुद्रात शिरून एड्रियाटिकच्या टोकापर्यंत जावं लागतं, त्यापेक्षा रॉटरडॅम किंवा अँटवर्पला उतरवून तिथनं रेल्वेनं आत नेणं बऱ्याचदा लवकर होतं. कस्टमरच्या फॉरवर्डरला हा प्रश्न विचारा, तो स्वतःहून सांगेलच असं नाही.

*रेल्वे.* इकडं कोणाला तरी व्हॉट्सअपवर मॅप आलेला असतोच, चीनमधनं युरोपला ट्रेन जाते म्हणून. जाते खरी, पण भारतातनं त्या रुळावर चढायला रस्ता नाही. माल आधी जहाजानं चीनला न्यायचा, त्यात तीन आठवडे, मग ट्रेन कझाकस्तान, रशिया, बेलारूस करत पोलंडला जाणार, वाटेत रुळाची रुंदी बदलते म्हणून कंटेनर दोनदा उचलून दुसऱ्या डब्यांवर ठेवायचा, आणि रशियातनं माल आणायला बरेच युरोपियन कस्टमर तयारच नसतात. केपपेक्षा लवकर पोचत नाही आणि पैसे जास्त. मुंबई ते इराणचं बंदर अब्बास आणि तिथनं पुढं जाणारा उत्तर-दक्षिण कॉरिडॉर रशिया आणि मध्य आशियाच्या मालासाठी आहे, त्यात पण इराणवरच्या निर्बंधांमुळं बँक आणि विमावाला आधी विचारावा लागतो. २०२३ च्या जी-२० परिषदेत जाहीर झालेला भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर कागदावरचा आहे, त्याच्यावर बुकिंग मिळत नाही.

तर आपल्यासाठी रेल्वे म्हणजे माळीवाडा ते न्हावाशेवा. जड माल असेल तर रेल्वे बरी पडते, पण संकटात जहाजांचे कट-ऑफ रोज बदलतात आणि ट्रेन आपल्या वेळेनंच निघते, म्हणून त्या काळात ज्या कंटेनरला घाई आहे तो ट्रकनं काढा, बाकीचे रेल्वेनं जाऊ द्या.

*सी-एअर.* न्हावाशेवावरनं दुबईला जहाजानं, तिथं माल कंटेनरमधनं काढून विमानात. रेट निव्वळ विमानापेक्षा कमी. आपण किलोला १५० धरू, म्हणजे ४ टनाला ६ लाख, नगाला २०० रुपये. वर काढलेल्या तारखा पाळल्या तर चार लाख इथंच वाचतात. अट एकच, होर्मुझ चालू पाहिजे. नसेल तर कोलंबोमार्गे विचारा.

*विमान.* चिकलठाण्यावरनं युरोपला थेट मालवाहू विमान धरून चालू नका, माल ट्रकनं मुंबईला सहारला जातो, समृद्धीमुळं तो प्रवास सोपा झालाय. विमानात वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० नं भागायचं, म्हणजे एक घनमीटरला १६७ किलो. लोखंडी पार्टला खरं वजनच जास्त येतं, पण प्लास्टिक किंवा फोमचं पॅकिंग असलेला हलका माल असेल तर तुम्ही हवेचं भाडं भरताय. पॅलेटची उंची १६० सेंटीमीटरच्या आत ठेवा, त्यापेक्षा उंच पॅलेट प्रवासी विमानाच्या पोटात जात नाही, मग फक्त मालवाहू विमानाची वाट बघावी लागते.

६. विमानानं पाठवताना पैसे बुडायचा धोका

यावर कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समुद्राचा बीएल हा मालाच्या मालकीचा कागद असतो. ओरिजनल बीएल बँकेतनं गेल्याशिवाय कस्टमरला माल सुटत नाही, म्हणजे पैसे आले की कागद, कागद आले की माल. एअरवे बिल तसं नसतं. त्यावर ज्याचं नाव त्याला माल मिळतो, कागद दाखवायची पण गरज नाही. जुन्या विश्वासाच्या कस्टमरचं ठीक आहे, पण नव्या माणसाला किंवा ज्याचे पेमेंट कागदांवर अवलंबून आहेत त्याला विमानानं पाठवताना कन्साईनी, म्हणजे माल घेणारा, म्हणून त्याच्या बँकेचं नाव टाका, आणि हे बँकेला आधी विचारून, लेखी होकार घेऊन.

एलसीवर, म्हणजे कस्टमरच्या बँकेच्या पेमेंटच्या हमीवर, माल जात असेल तर एलसी काढून वाचा. त्यात बीएल मागितला असेल आणि तुम्ही एअरवे बिल दिलं तर बँक कागद नाकारणार, तिला मालाशी घेणं-देणं नसतं. शिपमेंटची शेवटची तारीख, उतरवायचं बंदर, पार्ट शिपमेंट चालतं का, हे तिन्ही बघा. माल दोन भागांत जाणार म्हणजे पार्ट शिपमेंटची मुभा लागणारच. जहाज उशिरा लागून तारीख चुकणार असं दिसलं की त्याच दिवशी कस्टमरला एलसी अमेंडमेंट मागा, जहाज गेल्यावर नाही.

आणि भाडं कोण भरणार? एफओबीवर विकला असेल तर माल जहाजावर चढला की तुमची जबाबदारी संपली, रस्ता लांबला हा कस्टमरचा प्रश्न. डीएपी असेल तर दारापर्यंत तुमचा. तरीही कस्टमरचा माणूस फोनवर म्हणतो, "तुम्ही पाठवा, नंतर बघू." नंतर डेबिट नोट येते. प्रीमियम फ्रेटचं, म्हणजे विमानाच्या जादा भाड्याचं, अप्रूव्हल ईमेलवर घ्या, त्यात किती नग, किलोला किती आणि कोणाच्या खर्चानं या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत, आणि ते आल्याशिवाय ट्रक सोडू नका.

७. विमा

इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस 'ए' ही सगळ्यात मोठी पॉलिसी, पण उशिरामुळं झालेलं नुकसान तिच्यात बसत नाही. माल चांगला पोचला पण तीन आठवडे उशिरा, कस्टमरनं दंड लावला, तर विमावाला काही देणार नाही. युद्ध पण तिच्यात नाही, त्यासाठी वेगळं वॉर कव्हर घ्यावं लागतं, आणि ते मुख्यतः माल जहाजावर असतानाच चालतं, जमिनीवर नाही. म्हणजे जेद्दाचा ट्रकचा तुकडा वॉर कव्हरमधनं सुटतो.

जहाजानं स्वतःहून मार्ग बदलला तर विमा चालू राहतो. पण तुम्ही ठिकाण बदललं किंवा समुद्राचा माल विमानानं न्यायचं ठरवलं तर विमा कंपनीला लगेच कळवा.

विमा नसेल तर काय होतं ते 'एव्हर गिव्हन'च्या वेळी दिसलं. जहाज सुटलं मार्चमध्ये, पण भरपाईच्या वादात इजिप्तनं ते ७ जुलैपर्यंत धरून ठेवलं, आणि मालकानं जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च जहाजमालक आणि जहाजावरच्या सगळ्या मालमालकांनी वाटून घ्यायचा. विमा असेल तर विमा कंपनी गॅरंटी देते. नसेल तर रोख डिपॉझिट भरल्याशिवाय तुमचा कंटेनर सुटत नाही, मग त्यात तुमची काही चूक असो नसो. एफओबीवाल्यांनी कस्टमरचा विमा आहे का हे विचारून ठेवावं, कारण पैसे यायचे बाकी असतील तर त्याचा अडकलेला माल म्हणजे तुमचे अडकलेले पैसे.

८. लांबच्या रस्त्याचं पॅकिंग

मशीन केलेला पार्ट साडेचार आठवड्यांच्या प्रवासाला जमेल असं तेल लावून, गंज रोखणाऱ्या व्हीसीआय पिशवीत भरून आपण पाठवतो. तेच पॅकिंग साडेसात आठवडे टिकेल असं नाही. केपच्या वाटेवर कंटेनर विषुववृत्ताच्या उकाड्यातनं दक्षिणेच्या थंडीत जातो आणि परत उकाड्यात येतो, आत छताला पाणी सुटतं आणि वरच्या थरावर टपकतं. गंज कुठं आलाय ते बघितलं तर कारण कळतं: फक्त वरच्या बॉक्समध्ये वरच्या बाजूनं ठिपके असतील तर ते छताचं पाणी, पिशवीच्या आत सगळीकडं सारखा तांबूस पापुद्रा असेल तर तेल किंवा पिशवी कमी पडली, किंवा पार्ट ओला असताना पॅक झाला. पिशवी सील करण्याआधी पार्ट कोरडा आणि थंड झालेला पाहिजे. कंटेनरच्या भिंतींना ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या नेहमीपेक्षा जास्त लटकवा, वरच्या थरावर पुठ्ठा आणि प्लास्टिक टाका, आणि ओल्या लाकडाचे पॅलेट घेऊ नका. विमानाच्या मालाला याची एवढी गरज नाही, पण तेलाळ पार्ट असतील तर तेलाचा एमएसडीएस, म्हणजे सुरक्षिततेच्या माहितीचा कागद, मागतात, तो फाईलमध्ये ठेवा.

९. टेबलावर काय काय तयार पाहिजे

- कंटेनरवार यादी: बुकिंग नंबर, जहाज आणि व्हॉयेज, माल आत्ता कुठं, शेवटची कळलेली ईटीए
- कस्टमरच्या प्लॅनरचा स्टॉकचा ईमेल
- विमानाच्या भागासाठी वेगळं इनव्हॉईस, पॅकिंग लिस्ट आणि वेगळं शिपिंग बिल. समुद्राचं `INNSA1` वरनं, विमानाचं `INBOM4` वरनं, पोर्ट कोड चुकला तर सगळं परत
- दोन्ही पोर्टवर बँकेचा एडी कोड रजिस्टर आहे का ते तपासा. सहारवरनं कधी माल गेलाच नसेल तर तो नसूही शकतो, आणि ऐन वेळी वेळ यातच जातो
- ई-वे बिल, लाकडी पॅलेटवर कीड मारायची प्रक्रिया झाल्याचा आयएसपीएम-१५ चा शिक्का, कंटेनरसाठी व्हीजीएम, म्हणजे तपासलेल्या एकूण वजनाचा दाखला
- एलसीची कॉपी, विमा पॉलिसी, प्रीमियम फ्रेटचं अप्रूव्हल

कोटेशन मागताना फॉरवर्डरला "रेट काय" एवढंच विचारू नका. मार्ग कुठला, माल मध्ये कुठं दुसऱ्या जहाजावर चढणार, सगळे सरचार्ज धरून एकूण किती आणि हा रेट कुठल्या तारखेपर्यंत, हे चारही लेखी मागा. ट्रान्झिट डिसरप्शन, वॉर रिस्क, पीक सीझन असे सरचार्ज कोटेशनमध्ये नसतात आणि बिलात असतात. तारीख बुकिंगची धरणार की जहाज सुटण्याची, हे पण विचारा, कारण आठवड्यात रेट बदलतो.

रिकामे कंटेनर पण कमी पडतात. जहाजं लांबनं फिरून यायला लागली की तेवढेच कंटेनर जास्त दिवस समुद्रावर राहतात आणि माळीवाड्याला रिकामा डबा मिळत नाही. अशा काळात बुकिंग तीन-चार आठवडे आधी टाका, आणि एखाद्या लाईनकडं डबा नसेल तर दुसऱ्या लाईनचं नाव कस्टमरकडनं आधीच मंजूर करून ठेवा.

१०. रस्ता उघडल्यावर

इथं उलटा घोळ होतो. केपवरनं निघालेला जुना कंटेनर आणि सुएझमधनं निघालेला नवा कंटेनर पाचऐवजी दोनच आठवड्यांच्या अंतरानं पोचतात. युरोपच्या बंदरात गर्दी, कस्टमरकडं जागा नाही, डबा पडून राहिला की डिटेन्शनचे पैसे चालू. म्हणून सुएझ चालू झाल्याचं कळलं की पहिला सुएझचा कंटेनर दोन-तीन आठवडे मागं ढकला, किंवा अर्धा भरा, आणि जादा ओव्हरटाईम लगेच बंद करा, समुद्रावर तरंगणारे ते ९,००० नग आता परत येणारेत. सरचार्ज मात्र आपोआप जात नाही, लाईनला प्रत्येक बिलावर विचारत राहावं लागतं की हा अजून कशाचा लावलाय.